आठ दिवसांचं पाणी

मी एका को-ऑपरेटिव्ह सोसायटीत कर्जाच्या टेबलावर बसते. सकाळी दहापासून लोकांच्या सह्या घ्यायच्या, जामीनदाराच्या घ्यायच्या, जामीनदाराच्या बायकोच्या घ्यायच्या, हेच माझं काम. वीस वर्षं हे केल्यावर, सही न करता माणूस खरं बोलू शकतो यावर माझा विश्वास उरलेला नाही. नवरा म्हणतो, हिला लग्नात अक्षता पडायच्या आधी भटजीचं आधार कार्ड बघायचं होतं. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी त्याला सांगते.

आम्ही वडगावात भाड्यानं राहतो. खाली मालकांचे साड्या विणायचे दोन माग, त्यामागच्या बाजूला त्यांचं घर, आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही. सकाळी सहाला माग सुरू झाले की आमच्या फळीवरची भांडी हलायला लागतात. अकरा वर्षांत त्याची इतकी सवय झाली, की अमावास्येला माग बंद असले की मला उठायला उशीर होतो.

घराला खोड एकच, स्लॅब गळायचा. आधी नुसती ओल होती. मग पोपडे पडायला लागले. मग एके दिवशी सासूबाईंच्या खाटेवर वाटीएवढा गिलावा पडला आणि आतली गंजलेली सळी दिसायला लागली. सासूबाईंना दमा. खानापूरकडच्या गावात असताना तो वर्षातनं एकदा यायचा. इथं त्या ओलीत तो त्यांच्याबरोबर राहायलाच आला. दोन पावसाळे त्या भिंतीला पाठ लावून, उशा रचून, बसून झोपल्या. मी खाली जाऊन चार वेळा सांगितलं. अण्णा दर वेळी मान हलवायचे आणि म्हणायचे, "करायचं हाय की वो आक्का. बघू."

मग दुसऱ्या पावसाळ्यात पाणी भिंतीतनं आणखी खाली उतरलं आणि मागावर लावलेल्या ताण्यावर, म्हणजे साडीच्या उभ्या धाग्यांवर, ठिपकलं. केशरी रंगाचा ताणा, त्यावर तपकिरी डाग. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मेस्त्री गच्चीवर. आमची म्हातारी दोन वर्षं खोकली तर जिना कुणी चढलं नाही. साडीला शिंक आली आणि डॉक्टर घरी आला. मी हे अण्णांना तोंडावर बोलून दाखवलं. ते खाली बघत मागाकडं गेले. राग आला म्हणून की लाज वाटली म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही.

मेस्त्रीनं सांगितलं की वरवरचं काम करून उपयोग नाही. गच्चीवरचा जुना कोबा सगळा फोडायचा, भेगा भरायच्या, केमिकलचे थर मारायचे, मग विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा नीट ढाळ काढून घालायचा. आणि खालनं आमच्या छताचा गिलावा सगळा झोडून काढायचा, सळया घासून त्यांना औषध लावायचं, टेकू देऊन स्लॅब भरून घ्यायचा. टेकूंच्या जंगलात आणि धुळीत माणसं राहू शकत नाहीत, दम्याचं माणूस तर नाहीच. काम पावसाच्या आत, म्हणजे एप्रिल आणि मे.

मार्चमध्ये अण्णा वर आले. खुर्चीवर बसले नाहीत, उंबऱ्याजवळच उभे राहिले. "दोन म्हैने तेवढं दुसरीकडं ऱ्हावा," ते म्हणाले. "एक जूनला परत या. दोन म्हैन्याचं भाडं नको. माझा शब्द हाय."

शब्द म्हटलं की मला सोसायटीतले थकबाकीदार आठवतात. सगळे शब्दाचे पक्के. पिरनवाडीची माझी नणंद तिच्याकडं राहायला या म्हणाली, पण तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फोनवरच मला म्हणाले, "वैनी, एकदा सामान भायेर पडलं की मालक आत घेत न्हाय. जुन्या भाड्याची माणसं काढायची हीच तर युक्ती असती. आमच्या हितं तिघांचं तसंच झालं." कोण तिघं, ते त्यांना सांगता आलं नाही. पण माझ्या डोक्यात किडा सोडायचा होता तो सुटला.

मी अण्णांना म्हटलं, "शब्द ठेवा, पण कागद करूया."

अण्णांचं तोंड बारीक झालं. मागवाल्या माणसांचे हजारोंचे व्यवहार तोंडावर चालतात. सूत उचललं तरी तोंडावर, साडी दिली तरी तोंडावर. त्यांच्या दृष्टीनं कागद मागणं म्हणजे माणसाला चोर म्हणणं. पण ते "करा" म्हणाले.

कोर्टाजवळ कागद टाईप करून देणारे बसतात, त्यातल्या एकाकडं आम्ही दोघं गेलो. मी मुद्दे वहीत लिहून नेले होते. पहिला, भाडेकरार मोडलेला नाही, फक्त दुरुस्तीसाठी घर तात्पुरतं मोकळं केलंय. दुसरा, एप्रिल-मेचं भाडं नाही. तिसरा, डिपॉझिट तसंच मालकांकडं राहील. चौथा, छोट्या खोलीत आमचं सामान, आमच्या कुलपात, आणि म्हणून मीटरचं बिल आम्ही भरायचं. पाचवा, एक जूनला छताचा गिलावा, चुना सगळं पुरं करून घर ताब्यात. सहावा, तारीख चुकली तर घर मिळेपर्यंत भाडं नाही आणि आमच्या दुसरीकडच्या राहण्याचा खर्च मालकांचा. सातवा, परत आल्यावर जुनंच भाडं, वाढ पुढच्या करारात.

टाईपवाल्यानं वही बाजूला ठेवली आणि संगणकातला तयार कागद काढून दिला. कन्नडमध्ये होता, इथले कागद त्यातच होतात. मी वाचला. त्यात लिहिलं होतं की भाडेकरूनं घर कायमचं रिकामं करून ताबा मालकाला दिला आणि यापुढं त्याचा काही हक्क राहिला नाही. मी म्हटलं, "हे काय?" तो म्हणाला, "मॅडम, घर सोडायचा हाच फॉरम्याट हाय. सगळे ह्याच्यावरच करतात." त्याच्याकडं दोनच कागद होते, एक घर घ्यायचा आणि एक घर सोडायचा. सोडून परत घ्यायचं, असं त्याच्या टेबलावर कधी कुणी केलंच नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसून एकेक ओळ सांगितली आणि त्यानं पोस्टमन मनीऑर्डर वाचतो तशा सुरात ती टाईप केली. मध्ये एकदा अण्णा हळूच म्हणाले, "आक्का, मेस्त्रीच्या हातात असतंय वो हे. एवढी घट्ट तारीख..." मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. मराठीत, एकेक अक्षर कोरून.

सात मुद्दे. स्लॅब गळता कामा नये, हा आठवा मुद्दा मला सुचला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

पिरनवाडीत आम्ही गेलो. नवरा कामाला जातो तो कारखाना तिथनं जवळ, त्यामुळं तो खूश. सासूबाई लेकीकडं, त्यामुळं त्या खूश. शिवाय ते घर कोरडं ठणठणीत. पंधरा दिवसांत त्यांचा खोकला खाली बसला आणि महिन्याभरानं त्या आडव्या होऊन झोपायला लागल्या. मी रात्री पाणी प्यायला उठले की त्यांचा श्वास ऐकायची, आणि तो ऐकूच येत नाही म्हणून घाबरून जवळ जायची. इतका तो शांत झाला होता.

मी मात्र सुखात नव्हते. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. नणंद वाईट नाही. पण तिच्या स्वयंपाकघरात मीठ कुठल्या डब्यात आहे हे दोन महिने विचारावं लागणं काय असतं, ते ज्या बाईनं भोगलंय तिलाच कळेल. मी भाजी केली की ती चव बघून म्हणायची, "छान झालीया, आमच्याकडं जरा तिखट लागतंय एवढंच." मी कपडे वाळत घातले की ती ते काढून पुन्हा सरळ करून घालायची. आणि रोज रात्री जेवताना दाजी विचारायचे, "वैनी, मालकाचा फोन?" नाही म्हटलं की ते भाताचा घास थांबवून नुसते हसायचे. मी एक जूनच्या तारखेवर जगत होते.

वडगावात काम रखडत होतं. रविवारी मी बघायला जायची. एप्रिलमध्ये मेस्त्रीच्या गावची जत्रा आली, तो पाच दिवस गेला. तो आला तर त्याच्या गवंड्याच्या गावची जत्रा आली. आमच्याकडं या दिवसांत गावागणिक जत्रा असते आणि प्रत्येक कामगाराला तीन गावं असतात, एक आपलं, एक बायकोचं, एक मामाचं. अमावास्येला काम नाही. मग मे महिन्यात वळवाचा पाऊस झोडपून गेला, आणि केमिकल ओल्यावर धरत नाही म्हणून गच्ची वाळेपर्यंत सगळे थांबले. अण्णा डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वतः घमेली उचलताना मला दिसले. माग बंद ठेवून.

मेच्या शेवटच्या आठवड्यात अण्णा स्कूटरवरनं पिरनवाडीला आले. घामानं भिजले होते. पाणी दिलं तर तांब्या हातात धरूनच बसले.

"आक्का, कोबा झाला," ते म्हणाले. "आता गच्चीवर पाणी थांबवायचं. पाईपाला बोळा लावून, आठ दिस. कोब्याला पाणी मुरतंय आणि गळतंय काय ते पण कळतंय. खालनं बघायचं. कोरडं ऱ्हायलं की मग गिलावा. गिलावा आधी केला तर ओल दिसत न्हाय लौकर. म्हणून म्हटलं, आठ-दहा दिस वर द्या. त्याचं पण भाडं नको."

यात न समजण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. आज मी ते लिहिते आहे तर लहान पोरालाही कळेल. पण दाजी सोफ्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. आतनं नणंदेनं डब्याचं झाकण जरा जोरात लावलं. मी उठले, पर्समधनं कागद काढला आणि अण्णांच्या समोर धरला.

"पाचवा मुद्दा बघा," मी म्हटलं. "गिलावा, चुना सगळं पुरं करून. एक जून. तुमची सही हाय."

आणि वर हेही म्हटलं, "आज आठ दिवस, मग आणखी आठ. मी सोसायटीत बसते अण्णा. मुदतवाढ मागणारी माणसं मी रोज बघते."

सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, बघू दे की त्यास्नी पाणी थांबवून. हितं काय बिघडलंय?" त्यांना मी सांगितलं की तुम्हाला यातलं कळत नाही.

अण्णांनी कागद वाचला नाही. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. एक तारखेला किल्ली घेऊन जावा." स्कूटर सुरू होईना, तीन-चार किका मारल्या आणि गेले. दाजी म्हणाले, "बघितलासा? असं खमकं लागतंय." मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. नणंदेच्या हातचं असूनही.

एक जूनला घर तयार होतं. पांढरंशुभ्र छत, चुन्याचा वास, फरशी धुतलेली. अण्णांच्या बायकोनं उंबऱ्यावर रांगोळी काढली होती. मी दूध उतू घालवलं. सासूबाईंची खाट तिच्या जागी लावली आणि गल्लीत चार बायकांना कागदाची गोष्ट सांगितली. एकीनं तो कागद झेरॉक्सला मागितला. मी दिला.

आमच्याकडचा पाऊस जूनमध्ये नुसता ओळख करून देतो. जुलैत तो बसायला येतो आणि उठत नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंच्या खाटेच्या वर एक पिवळा ठिपका उमटला. मी तो दोन दिवस कुणाला सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी तो ताटाएवढा झाला. चौथ्या दिवशी थेंब पडला, सासूबाईंच्या कपाळावर. त्या उठून बसल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि उशा रचायला लागल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

मेस्त्री आला, छत्री धरून गच्चीभर फिरला. पाण्याचा पाईप स्लॅबातनं जिथं बाहेर पडतो तिथं भोवतीनं बारीक फट राहिली होती. बाकी सगळं काम चोख. "पाणी थांबिवलं असतं तर दुसऱ्याच दिवशी दिसलं असतं वो," तो म्हणाला. "तवा अर्ध्या तासाचं काम हुतं. आता पाऊस थांबल्याशिवाय हात लावता येत न्हाय." अण्णा शेजारी उभे होते. मी वाट बघत होते की आता ते बोलतील. पिरनवाडीतला तांब्या, पाचवा मुद्दा, मुदतवाढ मागणारी माणसं, सगळं माझ्या अंगावर फेकतील. ते म्हणाले, "ताडपत्री टाकतो. म्हातारीची खाट हिकडं सरकवा."

ताडपत्रीनं थेंब थांबले, ओल थांबली नाही. ऑगस्टमध्ये एका पहाटे सासूबाईंचे ओठ निळसर पडले. ॲडमिट करावं लागलं, चार दिवस ऑक्सिजन. मी दवाखान्यात खुर्चीवर बसून त्यांच्या छातीचं वर-खाली होणं मोजत होते. मनात सारखं एकच येत होतं: यांनी सांगितलं होतं, आणि मी तुम्हाला कळत नाही म्हटलं. मला माझीच किळस आली. बऱ्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, कोरड्या जागी ठेवा. म्हणजे पुन्हा पिरनवाडी. त्यांची पिशवी मी भरली. निघताना त्यांनी घराच्या दाराला हात लावून नमस्कार केला, परत न येणाऱ्या माणसासारखा. मी तो हात धरून त्यांना रिक्षात बसवलं.

त्या महिन्यापासून अण्णांनी भाडं अर्धं घेतलं. मी पुरे पैसे दिले तर त्यातले मोजून परत केले. "एक खोली वापरात न्हाय तुमची," म्हणाले. कागदात असं काही नव्हतं. कागदाप्रमाणं त्यांनी सगळं वेळेवर केलं होतं आणि मला त्यांच्याकडनं दमडी मागायचा हक्क नव्हता. ती कागदाची झेरॉक्स नेलेली बाई वाटेत भेटली की मी पलीकडच्या बाजूनं जायची.

दिवाळी झाली, पाऊस पूर्ण ओसरला, गच्ची वाळली. अण्णा वर आले. पाईपाभोवती फोडून पुन्हा भरायचं, थर मारायचा, पाणी थांबवायचं, खालचा तेवढा गिलावा नवा करायचा. पंधरा दिवस घर सोडायला लागेल. या वेळी कागद त्यांनीच करून आणला होता. माझाच जुना कागद टाईपवाल्याकडनं तारखा बदलून. खाली त्यांची सही आधीच केलेली. पंधरा दिवसांचं भाडं नाही, सोळाव्या दिवशी घर ताब्यात. मी सही केली. वाचलं नाही. अशी सही मी आयुष्यात पहिल्यांदाच केली असेल.

पिरनवाडीला नणंदेनं या वेळी मिठाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे, हितं असतंय मीठ." मी रोज संध्याकाळी सोसायटी सुटली की वडगावात उतरायची. दुरुस्ती झाली, अण्णांनी पाईपात गोणपाटाचा बोळा कोंबला आणि गच्चीवर पाणी भरलं. घोट्याएवढं. मी खाली आमच्या रिकाम्या खोलीत सासूबाईंच्या नुसत्या खाटेवर उताणी पडायची आणि छताकडं बघत राहायची. गिलावा काढलेला काळा स्लॅब. तिथं त्या रात्र-रात्र काय बघत बसत होत्या ते मला कळलं. एक दिवस. दोन दिवस. चार. एकदा मला ओल दिसली म्हणून मी ओरडले. ती दिव्याची सावली होती.

आठव्या दिवशी अण्णा बॅटरी घेऊन आले. स्टुलावर चढून त्यांनी हातानं सगळा स्लॅब चाचपला, पाईपाभोवती दोनदा. मग बोटं मला दाखवली. कोरडी, जरा धूळ लागलेली.

"झालं," ते म्हणाले. "आता पाणी सोडतो. उद्या गिलावा केला की तारखेला बसतंय बरोबर. तुमचं घर तुमच्या ताब्यात."

मी खाटेवरनं उठले नाही. मला त्या दिवशीचं सगळं बोलायचं होतं, माफी मागायची होती. तोंडातनं निघालं ते वेगळंच.

"अण्णा, आणखी चार दिवस राहू दे पाणी."

"तारीख जाईल की आक्का."

"जाऊ दे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, स्टूल उचललं आणि जिना चढून वर गेले. मीही मागनं गेले. गच्चीवर पाणी हललंही नव्हतं. अण्णा धोतर वर खोचून त्यात उतरले, कोपऱ्यात वाकले आणि पाईपातला बोळा तळहातानं आणखी आत दाबून बसवला.